गॅझेबोत सरळ, वावरात नागमोडी: फरक कुठे शोधायचा आणि कसा मोजायचा

प्रश्न: सर, आम्ही तिघे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी पऱ्हाटी असते. दोन तासांच्या मधून फिरणारा चार चाकांचा रोबोट बनवला आहे, पुढे त्याला डवऱ्यासारखी छोटी पास लावायची आहे. वजन 22 किलो, चाकाची त्रिज्या 12 सेंमी, डाव्या-उजव्या चाकांत अंतर 50 सेंमी, वेग 0.5 मीटर प्रति सेकंद. तासात कॅमेऱ्यावरून दिशा ठरते आणि वळण्याचा वेग जायरोवरून सांभाळला जातो. धुऱ्यावर मात्र एन्कोडरवरून 180 अंश मोजून वळतो. गॅझेबोत सगळं बरोबर चालतं (वळताना थरथरत होता म्हणून `mu2` 0.1 केला). वावरात तो नागमोडी जातो, आणि धुऱ्यावर अर्ध्यातच थांबतो. k1 = 8, k2 = 4 आहेत. गेन बदलून बदलून थकलो. सिम्युलेटरचा उपयोगच नाही का?

उत्तर:

उपयोग आहे. पण आधी गेन बदलणं थांबवा. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध करत आहात. नागमोडी चाल ही बहुतेक उशिरामुळे आहे, म्हणजे कॅमेऱ्याने तास पाहिला त्या क्षणापासून चाकाने प्रतिसाद देईपर्यंत जो वेळ जातो त्यामुळे. धुऱ्यावरचं अर्धवट वळण चाकं आडवी घासत जातात त्यामुळे आहे. हे दोन्ही तुमच्या गॅझेबोत नाहीत, कारण तुम्ही ते त्यात घातलेले नाहीत. उशीर शून्य आहे आणि आडवं घर्षण तुम्ही स्वतः जवळजवळ काढून टाकलं आहे.

दोन्ही कारणं वेगळी आहेत हे तुमच्याच वर्णनावरून दिसतं. तासात असताना वळण्याचा वेग जायरो सांभाळतो, त्यामुळे चाक घसरलं तरी आतला कंट्रोलर जास्त जोर लावून हवा तेवढा वळण-वेग मिळवून देतो. घसरण तिथे बरीचशी झाकली जाते. धुऱ्यावर तुम्ही जायरोला विचारतच नाही, फक्त चाकं किती फिरली ते मोजता. तिथे घसरण उघडी पडते.

यावर काम करायची माझी पद्धत अशी आहे की रोबोट तीन जागी तपासायचा: आधी स्टँडवर, म्हणजे चाकं हवेत ठेवून, मग सिमेंटच्या अंगणात किंवा गावातल्या काँक्रीट रस्त्यावर, आणि शेवटी वावरात. स्टँडवर फक्त मोटर, कॅमेरा आणि त्यांच्यामधला उशीर कळतो. सिमेंटवर त्यात वजन आणि चाकांची भूमिती मिळते. वावरात त्यात माती मिळते. प्रत्येक जागी एकच नवी गोष्ट वाढते, म्हणून फरक दिसला की तो कोणाचा हे सांगता येतं. थेट वावरात गेलं की ढेकळं, ओल, उशीर, उतरलेली बॅटरी असं सगळं एकाच आलेखात मिसळतं आणि मग माणूस गेनच फिरवत बसतो.

आधी उशीर

रोबोट स्टँडवर ठेवा. कॅमेऱ्यासमोर तासाचं चित्र असलेला पुठ्ठा धरा. मोबाईल स्लो-मोशनवर, 240 फ्रेम प्रति सेकंदाने, अशा ठिकाणी लावा की पुठ्ठा आणि चाक दोन्ही एकाच चित्रात येतील. आता पुठ्ठा झटक्यात एका बाजूला सरकवा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत मोजा: पुठ्ठा हलायला लागल्यापासून चाकाचा वेग बदलायला लागेपर्यंत किती फ्रेम गेल्या? एक फ्रेम म्हणजे सुमारे 4.2 मिलीसेकंद. 43 फ्रेम आल्या तर उशीर 180 मिलीसेकंद. आठ-दहा वेळा मोजा आणि सरासरीसोबत सगळ्यात मोठा आकडाही लिहून ठेवा, तो पुढे लागेल.

रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर, यूएसबी कॅमेऱ्यासह 180 मिलीसेकंद येणं अगदी साधारण गोष्ट आहे. त्यात कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि चित्र आत येणं आहे, रांगेत पडून राहिलेली जुनी चित्रं आहेत, तास शोधायचा हिशेब आहे, आणि सिरियलवरून मोटरच्या कंट्रोलरपर्यंतचा प्रवास आहे. प्रोग्रॅममध्ये वेळेचे शिक्के मारून हा उशीर मोजू नका. चित्र प्रोग्रॅमच्या हाती येण्याआधी गेलेला वेळ त्या शिक्क्यात येत नाही, आणि अनेकदा सगळ्यात मोठा वाटा तोच असतो.

दुसरा आकडा मोटरचा. स्थिर रोबोटला अचानक ठरावीक वळण-वेगाची आज्ञा द्या आणि जायरोचा लॉग घ्या. अंतिम वेगाच्या 63 टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ हा त्याचा टाइम कॉन्स्टंट. हे मापन सिमेंटवर करा, स्टँडवर नाही, कारण हवेत फिरणाऱ्या चाकाला रोबोटचं वजन वळवावं लागत नाही आणि आकडा फसवा लहान येतो. आपण 150 मिलीसेकंद धरू.

आता या दोन आकड्यांवरून तुमची नागमोडी चाल कागदावर काढून पाहू. तुमचा नियम असा आहे:

```
omega = -(k1*e + k2*theta)
```

इथे e म्हणजे तासाच्या मध्यापासूनचं आडवं अंतर आणि theta म्हणजे तासाशी झालेला कोन. वेग 0.5 असताना k1 गुणिले वेग 4 येतो आणि k2 सुद्धा 4. उशीर नसेल तर ही प्रणाली बरोबर क्रिटिकली डॅम्प्ड आहे. एकदाही पलीकडे न जाता मध्यावर येते. फेज मार्जिन सुमारे 76 अंश आहे. गॅझेबोत तुम्हाला हेच दिसतं, आणि गॅझेबो खरं सांगतो आहे.

त्यात 180 मिलीसेकंदांचा उशीर आणि 150 मिलीसेकंदांची मोटर घाला. क्रॉसओव्हर 3.6 रेडियन प्रति सेकंदाच्या आसपास येतो. त्या ठिकाणी उशीर 37 अंश खातो, मोटर 29 अंश खाते, आणि मार्जिन उरतं साधारण 9 अंश. म्हणजे रोबोट अस्थिर होण्याच्या अगदी काठावर आहे. एका ढेकळाने धक्का दिला की तो बराच वेळ डोलत राहणार. हेलकाव्याचा काळ साधारण 1.7 सेकंद, आणि 0.5 च्या वेगाने तेवढ्यात तो 85 सेंमी पुढे जातो.

हा आकडा तुम्हाला आजच तपासता येईल. वावरात चाकांचे माग पाहा आणि टेपने एका वळशापासून पुढच्या वळशापर्यंतचं अंतर मोजा. ते 80 ते 95 सेंमी भरलं तर कारण उशीरच आहे. मग वेग 0.3 करून पुन्हा चालवा. उशिराचा दोष असेल तर डोलणं पुष्कळ कमी होईल, कारण वेगासोबत k1 चा परिणामही उतरतो, आणि उरलेल्या हेलकाव्यांमधलं अंतरही लहान होईल. वळशांचं अंतर वेगाप्रमाणे न बदलता जमिनीवर त्याच त्याच जागी येत असेल, तर मात्र दोष जमिनीचा आहे. सरीचा उंचसखलपणा रोबोटला ढकलतो आहे.

उशीर आहे हे पक्कं झाल्यावर पहिलं काम गेन कमी करणं नव्हे, उशीर कमी करणं. कॅमेऱ्याच्या रांगेत एकच चित्र ठेवा. ओपनसीव्हीत `CAP_PROP_BUFFERSIZE` 1 करून पाहा, पण हा पर्याय प्रत्येक बॅकएंडवर चालत नाही. न चालल्यास वेगळ्या थ्रेडमध्ये सतत चित्रं वाचत राहा आणि फक्त शेवटचं वापरा. रॉस 2 मध्ये चित्राच्या टॉपिकची रांगही 1 ठेवा. चित्राचा आकार अर्धा करा. तास ओळखायला 320 बाय 240 पुरतं. एवढ्याने उशीर 100 मिलीसेकंदांवर आला तर आहेत त्याच गेनवर मार्जिन 9 वरून 25 अंशांच्या आसपास जातं. त्यानंतर गेन उतरवा. उशीर 180 वरच राहिला असं धरलं तरी k2 = 2.4 आणि k1 = 2.9 घेतल्यावर मार्जिन 30 च्या वर जातं; दोन्ही एकत्र केलं तर आणखी बरं. रोबोट मध्यावर थोडा सावकाश येईल. 90 सेंमीच्या तासात ते चालतं, डोलणं चालत नाही.

हे गेन वावरात न शोधता सिम्युलेटरमध्येच शोधता यावेत म्हणून मोजलेला उशीर सिम्युलेटरमध्ये घालायचा. कंट्रोलर आणि गॅझेबोतल्या रोबोटच्या मध्ये एक छोटा नोड ठेवा, जो आज्ञा अडवून धरतो आणि मग मोटरसारखी हळूहळू पुढे देतो:

```python
from collections import deque

class Lag:
    def __init__(self, delay, tau, dt):
        n = max(1, round(delay / dt))
        self.q = deque([0.0] * n)
        self.a = dt / (tau + dt)
        self.y = 0.0

    def step(self, u):
        self.q.append(u)
        self.y += self.a * (self.q.popleft() - self.y)
        return self.y
```

`dt` 0.02 ठेवलात तर 180 मिलीसेकंदांसाठी रांगेत 9 आज्ञा राहतात. हे घातल्यावर तुमचे जुने गेन तसेच ठेवून गॅझेबो चालवा. तिथेही रोबोट साधारण 85 सेंमीच्या वळशाने डोलला पाहिजे. वावरातली बिघडलेली चाल सिम्युलेटरमध्ये तशीच बिघडलेली दिसली की पहिलं काम झालं. याच्या आधी सिम्युलेटरमध्ये केलेली कुठलीही सुधारणा मी मानत नाही.

इथे एक सापळा आहे आणि तो जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना हमखास पकडतो. गॅझेबोच्या खिडकीत रिअल टाइम फॅक्टर दिसतो. लॅपटॉप दमला की तो 0.5 वर येतो, म्हणजे सिम्युलेटरचं एक सेकंद खऱ्या दोन सेकंदांत होतं. तास शोधणारा तुमचा प्रोग्रॅम मात्र खऱ्या वेळेत चालतो. त्याला 60 मिलीसेकंद लागत असतील तर सिम्युलेटरच्या घड्याळाने ते 30 च होतात. म्हणजे लॅपटॉप जितका हळू, तितका रोबोट जास्त चपळ दिसतो. म्हणून सगळ्या नोडना `use_sim_time` खरं ठेवा, वरचा उशीर सिम्युलेटरच्या घड्याळावर मोजा, आणि फॅक्टर 1 च्या खाली गेला तर झाडांची मॉडेल काढून टाका. सुंदर दिसणारी पऱ्हाटी इथे कामाची नाही. काम चुकवत असेल तर ती नकोच.

मोटर आणि उशीर यांना मी एवढी जागा देतो त्याला आधार आहे. 2018 मध्ये गुगलच्या संशोधकांनी मिनिटॉर या चार पायांच्या रोबोटला सिम्युलेटरमध्ये चालायला शिकवून तीच चाल खऱ्या रोबोटवर उतरवली, तेव्हा त्यांनी मोटरचं नेमकं मॉडेल आणि उशीर या दोन गोष्टी सिम्युलेटरमध्ये घातल्या होत्या. 2019 मध्ये झ्युरिकच्या ईटीएचमधल्या गटाने ॲनिमल रोबोटसाठी तर खऱ्या मोटरच्या नोंदींवरून मोटरचा वागणूक-नमुनाच शिकवून सिम्युलेटरला जोडला. त्यांचे रोबोट तुमच्यापेक्षा फार गुंतागुंतीचे होते, तरी सुरुवात इथूनच झाली.

आता धुरा

चार चाकं न वळवता फक्त डाव्या-उजव्या वेगाच्या फरकाने वळणाऱ्या गाडीत प्रत्येक चाक वळताना आडवं घासतंच. त्यामुळे चाकांच्या फिरण्यावरून काढलेला कोन नेहमी खऱ्यापेक्षा जास्त येतो. हिशेबासाठी यावर सोपा उपाय आहे: दोन बाजूंमधलं अंतर 50 सेंमी न धरता प्रत्यक्षात जेवढं वागतं तेवढं धरायचं. ते मोजायला सिमेंटवर रोबोटच्या पुढच्या टोकाखाली खडूने खूण करा, त्याला जागीच फिरवा, आणि डोळ्याने मोजून पूर्ण पाच फेऱ्या झाल्या की थांबवा. एन्कोडरच्या हिशेबाने तेव्हा आठ फेऱ्या झालेल्या असतील तर गुणक 8 भागिले 5, म्हणजे 1.6. वागणारं अंतर 80 सेंमी. हेच वावरात, वखरलेल्या कोरड्या मातीत केलं की गुणक वेगळा येतो, आपण 1.8 धरू. मग तुमचा रोबोट 180 अंश समजून प्रत्यक्षात 100 अंशच वळतो. तुम्ही लिहिलेलं "अर्ध्यातच थांबतो" हे त्याच्याशी जुळतं.

गॅझेबोत हे दिसलं नाही कारण `mu2` 0.1 आहे. आडवं घर्षण काढून टाकलं की चाक आडवं फुकट सरकतं आणि गुणक 1 च्या जवळ येतो. वळताना थरथरणं थांबवायला हा आकडा खाली आणणं फार प्रचलित आहे, पण त्याने लक्षण जातं आणि गाडीचा स्वभावही जातो. उतारावर आडवा उभा केलेला तुमचा गॅझेबोतला रोबोट खाली घसरत जाईल, करून पाहा. थरथरण्याचं खरं कारण बहुधा चाकाचा टक्कर-आकार असतो. रुंद सिलिंडर जमिनीला कडेवर अनेक बिंदूंत टेकतो आणि ते बिंदू प्रत्येक पायरीला बदलतात. दिसायला चाक तसंच ठेवून टक्कर-आकार गोल, म्हणजे स्फिअर करा. एकच बिंदू टेकेल आणि थरथर बरीच कमी होईल. मग घर्षण खऱ्या आकड्यावर नेता येतं.

खरा आकडा काढायला प्रयोगशाळा नको. सामान तोलायचा हुकाचा काटा पुरतो. रोबोट मागून काट्याला बांधा, काटा खुंटीला बांधा, आणि रोबोटला पुढे जोर लावू द्या. चाकं जागीच फिरायला लागतात तेव्हा काट्यावर 11 किलो दिसले, तर 11 भागिले 22, म्हणजे पुढच्या दिशेचं घर्षण 0.5. आता चाकं लॉक करून रोबोट हाताने आडवा, एकसारखा ओढा. वखरलेल्या मातीत हा आकडा पुढच्यापेक्षा जास्त येऊ शकतो, समजा 13 किलो, म्हणजे 0.6, कारण चाकाची कड मातीत रुतून पुढ्यातली माती ढकलत जाते. मापं वावरात तीन-चार ठिकाणी घ्या: धुऱ्याजवळ जिथे बैल आणि ट्रॅक्टर वळून जमीन दबलेली असते तिथे, आणि मध्ये जिथे ती मोकळी असते तिथे. तुमचं वळण धुऱ्यावर होतं, म्हणून वळणासाठी तिथलाच आकडा महत्त्वाचा.

हे आकडे `mu` आणि `mu2` मध्ये घालताना दिशा तपासा. `fdir1` दिलेला नसेल तर कोणतं घर्षण पुढचं आणि कोणतं आडवं हे चाकाशी बांधलेलं राहत नाही. ओळखायचं कसं? रोबोटला गॅझेबोच्या जगात वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभं करा आणि तीच आज्ञा द्या. प्रत्येक दिशेला वागणं वेगळं येत असेल तर `fdir1` चुकला आहे.

पुढे जातानाची घसरणही मोजून ठेवा. टेपने 10 मीटर आखा आणि सरळ चालवा. एन्कोडर 11.4 मीटर सांगत असेल तर घसरण सुमारे 12 टक्के. गॅझेबोत यासाठी वेगळा प्लगइन आहे, `gz-sim-wheel-slip-system`, ज्यात प्रत्येक चाकाची लांबीची आणि आडवी घसरण देता येते. साध्या घर्षणात चाक एक तर पकडून असतं किंवा सुटतं. मोकळ्या मातीत ते नेहमीच थोडं थोडं घसरत चालतं, आणि हा प्लगइन तेच दाखवतो. (तुम्ही अजून गॅझेबो क्लासिकवर असाल तर त्याचा पाठिंबा जानेवारी 2025 मध्ये संपला आहे. एवढं मोजमाप करणारच आहात तर नव्यावर जा.)

वळणाचा उपाय मात्र दुसरा आहे. धुऱ्यावर 180 अंश मोजण्याचं काम एन्कोडरकडून काढून जायरोला द्या. गुणक 1.8 लिहून मोकळं व्हायचा मोह होईल, पण तो पावसासोबत, मातीच्या दाबासोबत, टायरच्या हवेसोबत बदलतो. जायरोला मातीशी देणंघेणं नाही. फक्त वळण सुरू करण्याआधी दोन सेकंद स्थिर उभं राहून त्याचा शून्य काढून घ्या. दुपारच्या उन्हात तापलेल्या सेन्सरचा शून्य सकाळच्या शून्यापेक्षा वेगळा असतो. मग गुणक मोजून सिम्युलेटरमध्ये का घालायचा? वळायला मोटरला किती जोर आणि किती वेळ लागतो हे कळावं म्हणून. आडवं घर्षण 0.6 घातल्यावर गॅझेबोत मोटर टॉर्कच्या मर्यादेला लागते का ते पाहा. लागत असेल तर वावरात रोबोट वळणावर अडकून पडेल, आणि जायरोने त्यात काही मदत होणार नाही. मग जागीच न वळता थोडं पुढे-मागे करत वळावं लागेल.

जुळलं का, हे कसं कळतं

वावरातला एक फेरा नोंदवून आणा:

```
ros2 bag record -o run1 /cmd_vel /odom /imu/data
```

आता गॅझेबोत कंट्रोलर बंद ठेवा आणि त्या नोंदीतल्या फक्त आज्ञा रोबोटला द्या. या आज्ञा कॅमेऱ्याचा उशीर होऊन गेल्यावरच्या आहेत, म्हणून या तपासणीपुरता `Lag` मधला कॅमेऱ्याकडचा वाटा काढून ठेवा:

```
ros2 bag play run1 --topics /cmd_vel
```

दोन्हीकडचा वळण-वेग एकाच आलेखावर काढा. कंट्रोलर बंद ठेवायचा, कारण तो चालू असला की आपल्या चुका स्वतःच सावरत राहतो आणि चुकीचं सिम्युलेटरही बरोबर दिसतं. आणि पूर्ण फेऱ्याची तुलना करू नका. सुरुवातीला दोन अंशांचा फरक पडला की दहा मीटरवर रोबोट भलत्याच तासात असतो, त्यातून काही कळत नाही. नोंदीचे दोन-तीन सेकंदांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा खऱ्या वेगापासून नव्याने सुरू करा.

फरकाचा आकार कारण सांगतो. सिम्युलेटरची रेषा खऱ्या रेषेसारखीच पण आधी येत असेल तर उशीर कमी घातला आहे. उंची वेगळी पण वेळ तीच असेल तर घर्षण किंवा अंतर चुकलं आहे. चढताना गोलाई वेगळी असेल तर मोटरचा टाइम कॉन्स्टंट. आणि बारीक आज्ञांना खरा रोबोट हलतच नसेल तर मोटरचा मृत पट्टा राहिला आहे, म्हणजे ठरावीक पीडब्ल्यूएमच्या खाली गिअरचं घर्षण मोटर अडवून धरतं. आकडे बसवताना एक फेरा वापरा आणि तपासताना दुसरा, शक्यतो वावराच्या दुसऱ्या कोपऱ्यातला. बसवलेल्या फेऱ्यावर जुळणं ही तपासणी नाही.

जुळल्यावर एकाच आकड्यावर थांबू नका. उशीर मोजताना मोठ्यात मोठा किती आला, घर्षण कुठे कमीत कमी आलं, हे तुम्ही लिहून ठेवलं आहे. उशीर 120 ते 250 मिलीसेकंद, घर्षण 0.35 ते 0.7, वजन 22 ते 26 किलो अशा पट्ट्यांतून प्रत्येक वेळी नवे आकडे उचलून गॅझेबो खिडकीशिवाय रात्रभर चालवा. सकाळी सरासरी पाहू नका. रोबोट तासाच्या मध्यापासून 10 सेंमीपेक्षा जास्त कधी सरकला तेवढेच फेरे काढा, आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधा. पट्टे मोजमापावरून ठरवा. उगाच रुंद केले तर त्या सगळ्यांत टिकणारे गेन इतके मवाळ निघतात की रोबोट चांगल्या जमिनीवरही रेंगाळतो.

कॅमेऱ्याचा फरक मी मुद्दाम यात घेतलेला नाही. गॅझेबोतला हिरवा रंग आणि ऑगस्टमधला खरा तण, सावली, ओल्या मातीची चमक यांचा मेळ बसवत बसू नका. वावरातले व्हिडिओ घेऊन तास शोधणारा प्रोग्रॅम थेट त्यांच्यावर तपासा. गॅझेबोतल्या कॅमेऱ्याऐवजी खऱ्या जागेवरून काढलेले e आणि theta द्या, आणि त्यांच्यात प्रोग्रॅमची खरी चूक मोजून तेवढी मिसळा.

जे सिम्युलेटरमध्ये येणार नाही

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. चाकावर तिचा थर चढतो, 12 सेंमीची त्रिज्या 14 होते, एन्कोडर अंतर सुमारे सातव्या हिश्श्याने कमी सांगायला लागतो, आणि चाक व चौकटीच्या मध्ये माती दाटून मोटर अडते. गॅझेबो दोन घट्ट वस्तू एकमेकींना टेकतात एवढंच जाणतो. चिकटणं, थर चढणं, रुतणं हे त्याच्यात नाही. माती कणाकणाने हिशेबात घेणारी वेगळी साधनं आहेत, पण एका चाकाच्या काही सेकंदांच्या चालीला त्यांना इतका वेळ लागतो की गेन शोधायला ती उपयोगाची नाहीत. ओल्या मातीचं मॉडेल करायचा हट्ट सोडा. तुमच्या घरचे वाफसा आल्याशिवाय डवरा घालत नाहीत. रोबोटलाही तोच नियम लावा.

नियम मोडला गेला तर रोबोटला स्वतःला कळलं पाहिजे. मोटरचा करंट कोरड्या वावरातल्या नेहमीच्या करंटच्या दीडपट झाला आणि तो दोन सेकंद तसाच राहिला, किंवा आज्ञा देऊनही जायरोला वळण दिसलं नाही, तर थांबायचं. ही थांबण्याची रीत मात्र गॅझेबोत उत्तम तपासता येते. चालत्या रोबोटचं एक चाक मध्येच लॉक करा आणि तो किती सेंमीत थांबतो ते पाहा. पऱ्हाटीवर चढण्याआधी थांबला पाहिजे.

पास लावण्याआधी तिची ओढ वेगळी मोजा. रोबोटशिवाय, पास हव्या त्या खोलीवर धरून काट्याने ओढा. तुमच्या रोबोटची जास्तीत जास्त ओढ 11 किलो आहे, आणि त्या टोकाला चाकं पूर्ण सुटलेली असतात. सरळ चालत राहायला त्याच्या निम्म्याच्या आतच राहावं लागेल. पासेला 5 किलोपेक्षा जास्त लागत असेल तर खोली कमी करा, पास अरुंद करा, किंवा रोबोटवर वजन वाढवा. वजन वाढवलंत तर मोटरचा टाइम कॉन्स्टंट पुन्हा मोजावा लागेल. पास मागे लावल्यावर ती वळायलाही विरोध करते, म्हणून धुऱ्यावर आधी ती उचलली गेली पाहिजे. गॅझेबोत पासेचं बळ रोबोटच्या मागच्या बिंदूवर उलट्या दिशेने लावा, आणि ते 3 ते 7 किलोंमध्ये सतत बदलतं ठेवा, कारण ढेकूळ, मूळ आणि मोकळी माती एकामागून एक येत राहतात. त्या बदलत्या बळावर k1 आणि k2 पुन्हा तपासा आणि मगच पास घेऊन वावरात जा.